चांगल्या पायाची लबाडी

भिंगरीचा गुडघा गेला तेव्हा तिच्या जवळपास कोणीही नव्हतं. ही गोष्ट सगळ्यात आधी सांगून ठेवलेली बरी, कारण तिच्या काकांना ती आजतागायत मान्य नाही.

काका म्हणजे मुलींच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, भिंगरीच्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि मैदानावर आपल्यावर झालेल्या समस्त अन्यायांचे एकमेव साक्षीदार. भिंगरी ही त्यांची पुतणी आणि संघाची सगळ्यात जास्त गोल करणारी मुलगी. चेंडू पायाशी घेऊन जागच्या जागी गर्रकन फिरायची, म्हणून भिंगरी. त्या दिवशीही ती फिरायलाच निघाली होती. धावता धावता तिने डावा पाय रोवला आणि उजवीकडे वळली. पाय जागेवर राहिला, गुडघा आत झुकला आणि बाकीची भिंगरी पुढे गेली. आतून ‘टक्’ असा आवाज आला. समोरच्या संघाची सगळ्यात जवळची मुलगी तेव्हा दहा पावलांवर उभी राहून केसांचं रबर नीट करत होती.

काका मैदानात धावत गेले ते थेट पंचाकडे. “लाल कार्ड! लाल कार्ड दाखवा!”

“कोणाला?” पंचाने विचारलं.

काकांनी चारी दिशांना बघितलं आणि शेवटी त्या रबरवाल्या मुलीकडे बोट केलं.

दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. तपासण्या झाल्या, एमआरआय झाला, आणि हाडांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते साधारण असं होतं: गुडघ्याच्या आत मधोमध एक तिरका पट्टा असतो, एसीएल म्हणतात त्याला. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा भलतीकडे पिळला जाऊ नये म्हणून तो धरून ठेवतो. तो तुटलाय. आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, मग मांडीच्या मागची कंडरा काढून तिचा नवा पट्टा बसवू.

“आणि खेळायला कधी?” काकांनी विचारलं.

“नऊ महिन्यांच्या आधी नाही. जमलं तर. नाहीतर वर्ष.”

“नऊ महिने?” काका दचकले. “एवढ्यात तर—”

“भावजी,” भिंगरीची आई म्हणाली, “पुढचं वाक्य बोलू नका.”

काका बोलले नाहीत. पण बाहेर आल्यावर त्यांनी बोटांवर महिने मोजले. मोसमातला शेवटचा सामना पलीकडच्या क्लबशी होता. जो जिंकेल तो वरच्या गटात जाणार. बोटांच्या हिशेबात त्या दिवशी भिंगरीच्या ऑपरेशनला साडेसात महिने होत होते. काकांच्या मते साडेसात आणि नऊ यांत फारसा फरक नव्हता. मोठे आकडे जवळजवळच असतात.

*

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे भिंगरीने एका मांडीशी बोलण्यात घालवले. उशीला टेकून बसायचं, पाय सरळ ठेवायचा आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा. एवढंच. पूर्वी जी मुलगी अर्ध्या मैदानावरून चेंडू जाळ्यात मारायची ती आता स्वतःच्या मांडीला म्हणायची, “हल गं, हल.” मांडी हलायची नाही. सुजलेला गुडघा बघून स्नायू आपणहून झोपी जातो, असं फिजिओबाईंनी सांगितलं होतं. भिंगरीच्या आईचं मत असं की या बाबतीत स्नायू पूर्णपणे भिंगरीवर गेलाय.

फिजिओबाईंची खोली एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर होती. दोन पलंग, एक स्थिर सायकल, पायाने ढकलायचं वजनाचं यंत्र, रबराचे रंगीत पट्टे, आणि जमिनीवर चिकटपट्टीने चिकटवलेली मोजायची टेप. बाई स्वतः बुटक्या, शांत आणि निर्दय होत्या. त्यांनी कोणावरही आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. “अजून दहा,” एवढं त्या हळू आवाजात म्हणायच्या आणि माणसं रडायची.

पहिल्या दिवशी भिंगरी कुबड्या टेकत आत आली तेव्हा सायकलवर एक अतिशय उंच मुलगी बसलेली होती. पाय लांब असल्यामुळे सायकल खेळण्यातली वाटत होती.

“कितवा?” उंच मुलीने विचारलं.

“कितवा काय?”

“गुडघा.”

“पहिलाच.”

“माझा दुसरा,” ती म्हणाली, जणू मुलांबद्दलच बोलतेय. “पहिला डावा, आता उजवा. बास्केटबॉल. मला शिडी म्हणतात. रिबाउंडला, उसळलेला चेंडू घ्यायला वर गेले, खाली आले, गुडघा आला नाही.”

अशी त्यांची ओळख झाली.

दोन-तीन आठवड्यांनी कुबड्या सुटल्या. मग सायकल आली, मग वजनं, मग एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं. दोन महिन्यांनी भिंगरीला वाटलं, आपण बऱ्या झालो. गुडघा दुखत नव्हता, सूज नव्हती. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली, हे फिजिओबाईंना कसं कोण जाणे कळलं.

“बस,” बाई म्हणाल्या. “तुझ्या गुडघ्यात आत्ता काय चाललंय माहितेय? मांडीतून काढलेल्या तुकड्याला आपण इथे कशासाठी आलोय ते अजून कळलेलं नाही. शरीर त्याला आधी मऊ करतं आणि मग नव्यानं बांधतं. दुखणं गेलंय आणि तो सगळ्यात कच्चा आहे, असे हे दिवस. नीट कळतंय ना?”

“म्हणजे दुखत नाही हीच काळजीची गोष्ट?”

“आमच्याकडे असंच असतं,” शिडी सायकलवरून म्हणाली. “दुखलं तरी ओरडतात, नाही दुखलं तरी ओरडतात.”

चौथ्या महिन्यात सरळ रेषेत धावणं सुरू झालं. फक्त सरळ. वळायचं नाही. भिंगरीला सरळ धावायला सांगणं म्हणजे काकांना गप्प बसायला सांगण्यासारखं होतं, पण ती धावली. सहाव्या महिन्यात उड्या आल्या: दोन पायांवर, मग एका पायावर, मग बाजूला. उडीपेक्षा उतरण्यावर बाईंचा भर. “आवाज नको. गुडघे वाकव. पुढून बघितलं तर गुडघा पायाच्या बोटांवर दिसला पाहिजे, दुसऱ्या गुडघ्याला भेटायला जाता कामा नये.”

*

दरम्यान क्लबमध्ये आणखी दोन मुलींचे गुडघे गेले. दोन्ही वेळा जवळ कोणी नव्हतं. काकांनी यामागचं कारण शोधून काढलं. तिघीही मैदानाच्या एकाच कोपऱ्यात पडल्या होत्या, म्हणून त्यांनी त्या कोपऱ्यात सराव बंद केला. तरी मन शांत होईना, तेव्हा ते फिजिओबाईंकडे आले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मॅडम, मुलांच्या संघात वर्षभरात एकही नाही. माझ्या मुलींचे तीन. हा काय प्रकार आहे?”

“प्रकार जुना आहे,” बाई भिंगरीच्या गुडघ्याला रबराचा पट्टा बांधता बांधता म्हणाल्या. “फुटबॉल घ्या, बास्केटबॉल घ्या. तोच खेळ, तेवढाच वेळ खेळल्या तर मुलींचा गुडघ्यातला पट्टा मुलांपेक्षा दोन ते चार पट जास्त वेळा तुटतो. काही अभ्यासांत त्याहून जास्त.”

“मी म्हणतच होतो. नाजूक अंग—”

वजनाच्या यंत्रावर शिडी होती. तिने दोन्ही पायांनी वजन ढकललं, ते वरच धरून ठेवलं, आणि काकांकडे बघितलं. काकांनी यंत्रावरचा आकडा वाचला आणि विषय थोडा बाजूला घेतला. “म्हणजे, हाडांचं काहीतरी असणार.”

“हाडांचं आहे थोडं. कंबर रुंद, त्यामुळे मांडी गुडघ्याकडे जरा तिरकी येते. पट्टा जिथून जातो ती खाच अरुंद. संप्रेरकांमुळे पट्टा सैल होतो का, यावर अजून अभ्यास चालू आहे. ठाम उत्तर कोणाकडे नाही, आणि जो ठाम सांगेल त्याच्याकडे जाऊ नका.”

“मग झालं तर,” काकांनी हात वर केले. “हाडं काय मी बदलणार?”

“हाडं राहू द्यात. मुली उडीवरून खाली येतात तेव्हा गुडघे ताठ ठेवतात आणि आत झुकवतात. मांडीचा पुढचा स्नायू जोरात ओढतो आणि मागचा उशिरा जागा होतो. हे शिकवून बदलतं. तुमच्या मुली सामन्याआधी काय करतात?”

“मैदानाला दोन फेऱ्या.”

“आणि?”

“आणि फोटो,” भिंगरी म्हणाली.

“वजनं?”

“क्लबात जिम आहे,” काका अभिमानाने म्हणाले. “मुलींना मंगळवार दिलाय.”

“मंगळवारी जिमला कुलूप असतं, काका.”

“ते वेगळं. दिलाय तर खरा.”

“बूट?”

बुटांचं असं होतं की क्लबाला बूट एकदम घाऊक मिळायचे, मुलग्यांचे. मुली पुढे मोजे कोंबून ते घालायच्या. मैदान आधी मुलांच्या संघाला, मग पन्नाशीपुढच्या हौशी मंडळाला, आणि त्यांनी खणून झाल्यावर मुलींना. काका हे सगळं सांगत गेले. सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला. नाजूक अंगाचा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही.

“पंधरा-वीस मिनिटांचा सराव असतो,” बाई म्हणाल्या. “उड्या, उतरणं, थांबणं, वळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. आठवड्यातून दोन-तीनदा आणि सामन्याआधी. नेमानं केला तर असे गुडघे निम्म्यानं कमी होतात. मुलींना शिकवते मी, पण तुम्ही नेमानं करून घ्यायला हवं.”

“बघू,” काका म्हणाले. हा शब्द काका नाही म्हणण्यासाठी वापरत. मग उठता उठता त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. “आणि हिची परीक्षा कधी?”

परीक्षा म्हणजे दोन्ही पायांची तुलना. एका पायावर उभं राहून लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरून हलायचं नाही. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के हवी. यंत्रावर दोन्ही मांड्यांची ताकद मोजायची, तिथेही तेच.

“पुढच्या आठवड्यात करून बघणार आहे,” बाई म्हणाल्या. “पण कुठवर आलोय ते कळावं म्हणून. ती परवानगी नव्हे. नव्वद आले तरी नऊ महिने थांबायचंच. घाईनं गेलेल्यांचं काय होतं, एका अभ्यासात बघितलंय. नऊ महिन्यांपर्यंत एकेक महिना थांबलं की पुन्हा तुटण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होत जाते.”

काकांना यातला ‘नव्वद’ हा एकच शब्द ऐकू आला.

*

याचं कारण क्लबाचे वैद्यकीय सल्लागार. सामन्यात उतरायला डॉक्टरच्या सहीचा दाखला लागे, पण कोणत्या डॉक्टरच्या हे नियमात लिहिलेलं नव्हतं. क्लबाचे सल्लागार दातांचे डॉक्टर होते. सज्जन माणूस. त्यांनी काकांना सांगून टाकलं होतं की गुडघा हा काही आपला प्रांत नाही, त्यामुळे नव्वदच्या वर आकडा आणा, सही करतो. खाली आला तर मात्र आपलं मन धजणार नाही.

“नव्वद,” काका भिंगरीला म्हणाले. “फक्त नव्वद. तुझ्यावर सगळा संघ उभा आहे.”

भिंगरीलाही खेळायचं होतंच. गेले सात-आठ महिने ती सामने बाकावरून बघत होती. तिच्या जागी आलेली नवी मुलगी दोन सामन्यांपूर्वी गोल करून बसली होती आणि तिलाही लोक भिंगरीच म्हणायला लागले होते. गुडघा तुटल्याचं जेवढं दुखलं नव्हतं तेवढं हे दुखलं. आणि गुडघा एकदाच तुटला होता, हे रोज चालू होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने घरात दाराला कडी लावून उड्या मारून बघितल्या. डावा पाय गरीब बिचारा जेमतेम जात होता. उजवा पाय मात्र कपाटापर्यंत. ती पलंगावर बसली आणि विचार करता करता तिच्या लक्षात आलं की दोन पायांच्या तुलनेत डाव्याला वर आणता येत नसेल, तर उजव्याला खाली आणता येतं. त्याला काही महिने लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी फिजिओबाईंच्या खोलीत ती टेपच्या टोकाला उभी राहिली. आधी उजवा पाय. दात-ओठ खाऊन, हात मागे नेऊन, प्रचंड जोर लावल्याचा आव आणून तिने एक मवाळ उडी मारली. एक मीटर बावीस. मग डावा. हा मात्र जिवाच्या आकांताने. एक मीटर अठरा. यंत्रावरही उजवी मांडी अशी काही कण्हली, की जणू घर उचलतेय.

“शहाण्णव टक्के,” बाई म्हणाल्या. आकड्याकडे त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या. यंत्राचाही आकडा एक्क्याण्णव.

कोपऱ्यात शिडी दोरीवरच्या उड्या मारत होती. ती थांबली. “वा,” ती म्हणाली. “दोन्ही पाय अगदी सारखेच वाईट.”

भिंगरीने तिच्याकडे बघायचं टाळलं, बूट उचलले आणि बाहेर पडली.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात इमारतीच्या मावशी फरशी पुसत होत्या. मधला पट्टा ओला, पिवळी पाटी उभी. पलीकडे काका फोन हातात धरून उभे होते, दातांचे डॉक्टर लाइनवर.

“किती?” काका ओरडले.

“शहाण्णव!”

“ओल्यात पाय दिलास तर बघ,” मावशी म्हणाल्या.

आनंद झालेल्या माणसाला वळसा घालून जायला वेळ नसतो. भिंगरीने ओल्या पट्ट्याकडे बघितलं, कडेला एक पाय टेकला आणि उडी मारली. हातात बूट, पाठीला पिशवी. पलीकडे त्याच पायावर उतरली आणि उतरली तशी उभी राहिली, हलली नाही. एखादा बगळा उतरावा तशी.

काकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी जोरात होती. दुसऱ्या टाळीला त्यांना भिंगरीच्या मागे, काचेच्या दारात उभ्या असलेल्या फिजिओबाई दिसल्या. तिसरी टाळी झालीच नाही.

बाई आत गेल्या. चिकटपट्टी फाडल्याचा चर्र आवाज आला आणि त्या मोजायची टेप घेऊन बाहेर आल्या.

“मॅडम, ओलं आहे,” मावशी म्हणाल्या.

“दोन मिनिटं, मावशी.” बाई गुडघ्यांवर बसल्या, टेपचं एक टोक ओल्या पट्ट्याच्या अलीकडे ठेवलं. “भिंगरी, दुसरं टोक धर. जिथे उतरलीस तिथे.”

आपल्याच गुन्ह्याची टेप आपणच धरायची वेळ फार कमी लोकांवर येते. भिंगरीने धरली.

“एक मीटर साठ,” बाईंनी वाचलं. “बूट आणि पिशवीसकट. आणि कोणीही जोर लाव म्हटलेलं नसताना.”

काका फोनमध्ये हळूच म्हणाले, “डॉक्टर, जरा थांबा. आकडा अजून पिकायचाय.”

“एक मीटर अठराला एक मीटर साठनं भागा,” बाई म्हणाल्या. “चौऱ्याहत्तर. तेही येत नाहीत नीट.”

“मॅडम, मी…”

“ते राहू दे. माणसं परीक्षेत फसवतातच. मला एकच सांग. कोणत्या पायानं उडी मारलीस?”

“उजव्या.”

“का?”

भिंगरीने आपल्याच पायांकडे बघितलं. “काही विचारच नाही केला.”

“तेच,” बाई म्हणाल्या. “तुला कोणी बघत नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं. तेव्हा तुझ्या शरीरानं डाव्याला विचारलंसुद्धा नाही. मैदानात चेंडू डावीकडून आला, मागून कोणी धावत आलं, तेव्हाही ते विचारणार नाही. आणि तिथे पडशील ती डाव्यावरच.”

मावशींनी तेवढ्यात बाईंच्या गुडघ्यांखालची फरशी पुन्हा पुसली.

दारात शिडी येऊन उभी होती. चौकटीत मावण्यासाठी मान जरा वाकवून. “मी एक मीटर दहा मारली होती चांगल्या पायानं,” ती म्हणाली. “पहिल्या वेळी. दुसऱ्या गावच्या फिजिओकडे. सहाव्या महिन्यात अठ्ठ्याण्णव टक्के काढले. तुझ्यापेक्षा हुशार होते मी, कण्हले नव्हते.”

“मग?”

“मग पाचव्या सामन्यात उजवा गेला. ज्याला मी मुद्दाम खाली आणलं होतं तो. डाव्यावर भरवसा नव्हता, म्हणून सगळं त्याच्यावर टाकत होते.” तिने खांदे उडवले. “कोवळ्या वयात घाईनं परत गेलेल्या चार-पाचजणींत एकीचा पुन्हा जातो. तोच, नाहीतर दुसरा. हे मॅडम सांगतात तेव्हा वाटतं, ती एक कोणीतरी दुसरी असेल. मी पण दुसरीलाच शोधत होते.”

काका पिवळ्या पाटीपलीकडे उभे होते. फोनमधून दातांच्या डॉक्टरांचं “हॅलो? हॅलो?” ऐकू येत होतं.

“काका,” भिंगरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. “त्यांना सांगा, चौऱ्याहत्तर.”

काकांनी फोन कानाला लावला. या माणसाने आयुष्यभर ऑफसाइडचा गोल ऑफसाइड नव्हता असं शपथेवर सांगितलं होतं. शेवटी ते म्हणाले, “डॉक्टर, चौऱ्याहत्तर आलेत. हो. नाही, शहाण्णव मी उतावळेपणात ऐकलं. सही नको, तुम्ही तुमचे दात बघा.”

*

शेवटचा सामना क्लब हरला. एक शून्य. नव्या भिंगरीचा एक फटका खांबाला लागला, आणि काकांच्या मते खांब तीन इंच आत रोवलेला होता.

पण त्या दिवसाची खरी करमणूक सामन्याआधी झाली. काकांनी मैदानाला दोन फेऱ्या रद्द केल्या होत्या. वीस मिनिटं आधी सगळ्या मुली रांगेत उभ्या आणि समोर काका, स्वतः करून दाखवत. एका पायावर उभं राहणं. उडी. उतरणं. प्रेक्षकांतून शिट्ट्या येत होत्या. पलीकडच्या क्लबाचे प्रशिक्षक तर खुर्ची फिरवून बसले होते.

बाकावर बसलेली भिंगरी ओरडली, “काका, गुडघा आत जातोय!”

“माहितेय!”

“आवाज पण येतोय!”

“तो माझ्या कमरेचा आहे!”

मुली इतक्या हसल्या की दोघी-तिघी जमिनीवर बसल्या. पण पुढच्या उडीला, हसत हसत का होईना, सगळ्यांचे गुडघे वाकले. त्याच आठवड्यात मंगळवारचं कुलूप निघालं. चावी हौशी मंडळाच्या अध्यक्षांकडे होती. काकांनी ती कशी मिळवली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण अध्यक्ष त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. मुलींच्या मापाचे बूट यायला मात्र पुढचा मोसम उजाडला.

भिंगरीचे पुढचे महिने सगळ्यात कंटाळवाणे गेले. गोष्टीत लिहिण्यासारखं त्यांत काहीही नाही. वजन, विश्रांती, वजन. डाव्या पायावर थांबणं, डाव्या पायावर वळणं, कोणी धक्का दिला तरी डाव्या पायावर उभं राहणं. धक्का द्यायचं काम शिडीने आवडीनं केलं. नववा महिना झाला तेव्हा भिंगरीने परीक्षा मागितली नाही. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, “अजून जिना उतरताना कठड्याकडे हात जातोय.” बाई त्या दिवशी “अजून दहा” म्हणायच्या ऐवजी “अजून आठ” म्हणाल्या.

दहावा महिना संपताना ती पुन्हा टेपच्या टोकाला उभी राहिली. आधी उजवा. आता या पायाने जेवढं अंतर घ्यायचं, त्याच्या नव्वद टक्क्यांचं देणं डाव्याच्या डोक्यावर बसणार, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. पायाच्या बोटांना अजूनही ती जुनी युक्ती आठवत होती. तिने एकदा मागे बघितलं. काका खुर्चीवर हाताची घडी घालून, श्वास रोखून बसले होते.

“काका, श्वास घ्या.”

तिने उजव्या पायाने उडी मारली. अशी, की टेपचं टोक संपायला बोटभर उरलं. काकांच्या तोंडून “अगं, जरा कमी!” निघून गेलं आणि त्यांनी लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मग डावा. उडी, उतरणं, गुडघा वाकलेला, बोटांच्या वर. आवाज नाही.

“त्र्याण्णव,” बाई म्हणाल्या. मग यंत्र, मग बाजूच्या उड्या, मग वळणं. शेवटी त्या म्हणाल्या, “जा. आधी संघाबरोबर सराव, महिनाभर. मग सामन्यात अर्धा वेळ. आणि उड्यांचा सराव जन्मभर.”

“जन्मभर?” काका म्हणाले.

“तुम्हालासुद्धा.”

नव्या मोसमातल्या तिसऱ्या सामन्यात भिंगरी दुसऱ्या अर्ध्यात उतरली. शिडी बघायला आली होती. तिच्या मागे बसलेल्या तीन रांगांना काही दिसत नव्हतं. दहाव्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू उंच आला, तोच काकांनी बंद केलेला कोपरा. भिंगरी दोघींच्या मधून वर गेली, डोकं लागलं, खाली आली आणि तशीच फिरून पळाली.

सामना संपल्यावर शिडी कठड्यावरून वाकली. “ए, त्या हेडरला कोणत्या पायावर उतरलीस?”

भिंगरीने घाम पुसला, विचार केला, मान हलवली.

“आठवत नाही गं.”

“नक्की?”

“चेंडू कुठे गेला ते विचार की,” भिंगरी वैतागून म्हणाली. “बाहेर गेला, मेला.”

मागे काका पंचाला सांगत होते की गोलाचा खांब तीन इंच आत आहे.